काकू, आपने लिखा था ना

मंडळी, या पानावर बहुतेक जण आजोबांच्या वाड्याच्या, होळकरांच्या काळातल्या नोकरीच्या, राजवाड्यामागच्या गणपतीच्या आठवणी लिहितात. माझ्याकडे तसलं जुनं काही नाही. माझी आठवण अवघ्या दोन वर्षांची आहे आणि ती एका नावाची आहे. पण आपल्यापैकी बऱ्याच घरांमध्ये हल्ली कोणी ना कोणी डबे, फराळ, केक असं काही सुरू करतंय, म्हणून म्हटलं लिहावं.

इंदूरच्या भंवरकुआ भागात आमचं घर. ज्यांनी हा भाग पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. इथे कोचिंगच्या इमारती, त्यांच्या मागे हॉस्टेलं, आणि हॉस्टेलांच्या मागे आमच्यासारखी जुनी घरं. रीवा, सतना, बालाघाट, खंडवा, बुऱ्हाणपूर, कुठून कुठून मुलं येतात. आमच्या गल्लीत आठ-नऊ वर्षं मी दुपारचे डबे देत होते. पंचवीस-तीस डबे, ठरलेली मुलं, ठरलेले पैसे. मुलं मला काकू म्हणायची. पहिला मुलगा बऱ्हाणपूरचा मराठी होता, त्याने काकू म्हटलं, मग बिहारपासून बस्तरपर्यंत सगळी तेच म्हणायला लागली.

मग ह्यांची नोकरी सुटली. त्याची कथा इथे नको. घरात बसून दोघांनी हिशेब केला तेव्हा दिसलं की दुपारच्या डब्यांवर घर चालणार नाही. आणि भाच्याने एक गोष्ट लक्षात आणून दिली. तो म्हणाला, "मामी, दुपारी तुझ्यासारख्या चाळीस जणी आहेत. रात्री अकरानंतर कोण आहे?"

बाहेरच्या लोकांना वाटतं इंदुरात रात्री उपाशी कोण राहील. सराफ्यात सोन्याची दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांवर खाण्याची दुकानं लागतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण सराफा हा फिरायला निघालेल्या माणसाचा आहे. हॉस्टेलच्या मुलाचं फाटक दहाला, फार तर साडेदहाला बंद होतं. मेस नऊला आवरते. क्लास सुटून लायब्ररीत बसलेलं पोर साडेनऊला येतं तेव्हा पातेल्यात गार भाजी आणि तीन पापडासारख्या पोळ्या. बाराला त्याला भूक लागते. तेव्हा बिस्किटाचा पुडा किंवा किटलीत शिजवलेली मॅगी. रात्री साडेबाराला भुट्ट्याचा कीस खायला त्याला कोणी फाटक उघडून देत नाही. पार्सल मात्र फाटकातून आत जातं. तेवढीच फट होती, आणि त्या फटीतून आम्हाला शिरायचं होतं.

स्वयंपाकघर तेच, माणसंही तीच. फक्त वेळ रात्री नऊ ते दीड. पदार्थ कोणता, यावर मात्र वाद झाला नाही. रात्री हाताशी मी, हे आणि दोन शेगड्या. पोळ्या लाटत बसणं शक्य नाही, तळण नको. मुगाची खिचडी, वर तुपाची फोडणी, भाजलेला पापड, लिंबाचं लोणचं. सोबत फोडणीची पोळी, ती सुद्धा दुपारच्या पोळ्या उरल्या तरच. बास.

अडलं ते नावावर.

दुकानाला पाटी असते. पाटीखाली पायरी असते, पायरीवर बसलेला मालक असतो, वास असतो. नाव कसंही असलं तरी माणूस वासाने येतो. ह्या क्लाउड किचनला यातलं काहीच नाही. गिऱ्हाईक तुम्हाला कधीच पाहत नाही. त्याच्यासमोर फोनवर फोटोचा एक चौकोन आणि त्याखाली एक ओळ असते, ती सुद्धा अर्धी. म्हणजे नावावर पाटीचं, पायरीचं आणि वासाचं, तिन्ही कामं येऊन पडतात. हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटलं, नाव काय, देवाचं ठेवू.

मी म्हटलं, अन्नपूर्णा. भाचा हसला नाही, त्याने नुसता फोन पुढे केला. ॲपवर आमच्या पिनकोडमध्येच अन्नपूर्णा भोजनालय, अन्नपूर्णा टिफिन, माँ अन्नपूर्णा, न्यू अन्नपूर्णा. मोजता मोजता मी थांबले. उद्या माझी खिचडी आवडली म्हणून पोराने मित्राला सांगितलं "अन्नपूर्णा से मँगा ले", तर तो मागवणार दुसऱ्याच अन्नपूर्णेकडून. वर माझ्या डोक्यात जे लांबलचक नाव होतं, अन्नपूर्णा स्वादिष्ट महाराष्ट्रीयन भोजन, ते त्याने टाइप करून दाखवलं. यादीत दिसलं असं: `Annapurna Swadisht Ma...` पुढचं सगळं कापलेलं. ज्या शब्दासाठी मी अडून बसले होते, तो महाराष्ट्रीयन शब्दच टिंबांत गेला.

दुसरं नाव ह्यांनी काढलं, आजीचा डबा. आपल्या मराठी कानाला किती गोड लागतं! मीही विरघळले. पण शेजारच्या हॉस्टेलमधल्या दोन मुलांना विचारलं. एक रीव्याचा होता, त्याला आजी कळली, त्यांच्याकडेही दादीला आजी म्हणतात. दुसरा म्हणाला, "आंटी, डब्बा मतलब... थोड़ा डब्बा ही लगता है।" त्यांच्या बोलीत भंगार फोनला डब्बा म्हणतात, पडलेल्या सिनेमाला डब्बा म्हणतात. मग मी भाच्याला म्हटलं, ते नाव तू न बघता लिहून दाखव, आणि ह्या दोघांनाही लिहायला सांग. तिघांनी तीन तऱ्हेने लिहिलं: `Aajicha Daba`, `Aji cha Dabba`, `Ajeecha Dabbaa`. जे नाव ऐकून लिहिता येत नाही, ते रात्री बाराला पेंगुळलेल्या डोळ्यांनी शोधता कसं येणार? ही परीक्षा मला पुढे फार उपयोगी पडली. नाव सुचलं की मी तिघांना ते फोनवर सांगायची आणि लिहून पाठवायला सांगायची. दोघांनी सारखं लिहिलं तरच पुढचा विचार.

तिसरं नाव माझं लाडकं, ते अजूनही मनातून जात नाही. चूल. नुसतं चूल. छोटं, मराठी, धुराचा वास असलेलं. परीक्षेतही पास झालं असतं. पण मी ते म्हटलं आणि भाचा, भाची, दारात उभा असलेला त्यांचा मित्र, सगळे खो खो हसत सुटले. मला कळेना. शेवटी भाचीने कानात सांगितलं की हिंदीत पोरं खाज सुटणे, नसती हौस येणे, याला चुल म्हणतात. "मामी, रात को एक बजे चुल?" म्हणाली आणि पुन्हा हसायला लागली. चाळीस वर्षं इंदुरात राहते मी, हिंदी माझी घरची भाषा झाली आहे असं समजत होते. ती माझ्या वयाची हिंदी होती. खाणारी पोरं वीस वर्षांची. तेव्हापासून वीस वर्षांच्या पोराला विचारल्याशिवाय कुठला शब्द छापायचा नाही हे मी ठरवलं.

चौथं नाव जवळजवळ पक्कं झालं होतं. काकू जागी. हिंदीतही कळतं, मराठीतही. रात्रीचं किचन आहे हे सांगतं, आणि खरं आहे, मी जागीच असते. भाच्याने तर चित्रसुद्धा काढलं, अंबाडा घातलेली बाई आणि चंद्र. सासूबाई तेव्हा ब्याऐंशीच्या. दिवाणावर माळ ओढत बसल्या होत्या. त्या माळ न थांबवता म्हणाल्या, "अगं, बाई रात्री दीडला जागी आहे, असं लिहून गावभर वाटणार का तुम्ही?"

खोलीत शांतता झाली. हे लालबुंद झाले. भाचा म्हणाला, आजी, हल्ली कोणी तसा अर्थ घेत नाही. पण मी त्या रात्री झोपले नाही. कारण मला माहीत होतं की कोणीतरी तसा अर्थ घेईल, एखाद्या वात्रट पोराचा एकला फोन येईल, आणि ऑर्डरसाठी दिलेला नंबर माझाच होता. सासूबाईंचं म्हणणं जुनाट होतं म्हणून चूक होतं असं नाही. ते नाव मी सोडलं, चित्रासकट.

उरली काकू. आणि खिचडी. काकू खिचडी.

ऐकायला काही विशेष नाही, मान्य आहे. भाच्याला अजूनही फिकं वाटतं. पण तिघांनी ते एकसारखं लिहिलं, `Kaku Khichdi`. अकरा अक्षरं, टिंबं नाहीत. खिचडी म्हणून शोधलं तरी सापडतं, कारण पदार्थ नावातच आहे. मी कोणाची आई असल्याचा दावा त्यात नाही. "माँ के हाथ का" लिहिणारी आमच्या भागात कितीतरी किचन आहेत, आणि आत एक पगारी आचारी असतो. मी काकू आहे, खरोखरची. शिवाय बंधन आहे हेही कळत होतं. उद्या पोहे विकायचे म्हटले तर नाव आडवं येईल. मी म्हटलं येऊ दे, आधी खिचडी तर धड करू.

शेवटची परीक्षा फाटकाची होती. रात्री डिलिव्हरीवाला फाटकावर येतो, चौकीदार अर्धवट झोपेत विचारतो, किसका है? पोरगं वरच्या मजल्यावरून खाली यायचं असतं. तिथे नाव मोठ्याने, एकदाच, थंडीत मफलरमधून बोललं जातं. ह्यांनी एका रात्री समोरच्या हॉस्टेलच्या चौकीदाराला उगाचच पार्सल नेऊन दिलं आणि सांगितलं, काकू खिचडी. त्याने मागे वळून जिन्यात हाक मारली, "अरे काकू की खिचड़ी आई है!" त्याने स्वतःच "की" घातली. ह्यांनी घरी येऊन सांगितलं, नाव चालतं.

मग कागदपत्रं. खाद्य परवान्याचा चौदा आकडी क्रमांक माझ्या नावावर दुपारच्या डब्यांमुळे आधीच होता, त्यात हे नाव जोडलं. ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर कोणीही फुकट शोधू शकतं, खाण्याच्या सेवेचा वर्ग ४३. तिथे हुबेहूब आपलं नाव कोणी घेतलंय का ते भाच्याने पाहिलं. हे आधी करावं, स्टिकर छापल्यावर नाही. नाव बदललं की ॲपवर जमलेले तारे आणि अभिप्राय पुन्हा पहिल्यापासून जमवावे लागण्याची भीती असते.

नाव झालं. पण त्याखाली एक ओळ लिहायची असते. एकच. नावापेक्षा तिने मला जास्त छळलं, आणि तिनेच मला एका रात्री रडवलं.

भाच्याची पहिली ओळ होती, "घर का स्वाद". मी विचारलं, कोणाच्या घरचा? सतन्याच्या पोराच्या घरी खिचडीत हरभऱ्याची डाळ असेल, गुजरातकडच्याच्या घरी ती गोड असेल. आपल्यासारखी गोड्या मसाल्याची कोणाच्याच घरी नाही. पहिल्याच घासाला ओळ खोटी पडली असती.

दुसरी ओळ, "30 मिनट में गरमागरम". शिजवणं माझ्या हातात आहे, पण रात्री साडेबाराला डिलिव्हरीवाला मिळणं माझ्या हातात नाही. थंडीत कधी दहा मिनिटांत मिळतो, कधी पाऊण तास नाही. दुसऱ्याच्या स्कूटरवर माझं वचन बसवायचं कसं?

तिसरी ओळ ह्यांची, "हलकी, सुपाच्य". सुपाच्य शब्द ऐकून मुलं म्हणाली, ये तो बीमारों वाला हो गया।

मग मी उलट्या बाजूने विचार केला. रात्री बाराला त्या पोराला नेमकं काय कळायला हवं असतं? आपण मागवलं तर मिळेल का, म्हणजे आता चालू आहे का, ही पहिली गोष्ट. आणि एकाने पोट भरेल का, की दोन मागवावे लागतील, ही दुसरी. महिन्याचे पैसे मोजून आलेले असतात ते. चवीचं नंतर. ह्या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्या हातात होती. भाच्याने ओळ बांधली: "रात डेढ़ बजे तक। एक डब्बे में पेट भर।" डब्बा शब्द इथे चालला, कारण इथे तो खरोखर डबाच होता.

पोट भर म्हणजे किती, हे मात्र अंदाजाने ठरवायला मी तयार नव्हते. चार मुलांना रात्री साडेअकराला बोलावलं, जेवून येऊ नका म्हणून बजावलं. पातेलं काट्यावर ठेवून वाढत गेले. एक ४८० ग्रॅमवर थांबला, एक ५२० वर, एक ६१० वर. चौथी पीजीतली मुलगी, अंगाने काडी, तिने सगळ्यांत जास्त, ६२० ग्रॅम खाल्ली आणि पापड मागितला. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आम्ही ६०० ग्रॅम धरले. ऐंशी ग्रॅम तांदूळ, चाळीस ग्रॅम मुगाची डाळ, साडेचार पट पाणी. ७५० मिलीच्या डब्यात बसते आणि वर फोडणीला जागा राहते. पाणी नेहमीपेक्षा जास्त, कारण खिचडी वाटेत पाणी पीत जाते. घरी ताटात बरोबर असलेली खिचडी वीस मिनिटांनी डब्यात वडीसारखी होते. आमच्या पातेल्यात ती जरा सैलच दिसली पाहिजे, तर पोराच्या खोलीत नीट पोचते.

किंमत ९९. जिन्नस, तूप, पापड, लोणचं, डबा, गॅस मिळून चाळीसच्या घरात. ॲप आपला साधारण चौथा हिस्सा कापून घेतं. उरतात तीस-पस्तीस. दुसऱ्याच महिन्यात भाचा म्हणाला, ४५० ग्रॅम करू, कोणाला कळणार नाही. मी म्हटलं, मग ओळ आधी बदल. त्याने ओळ बदलली नाही, वजनही तसंच राहिलं. ओळीचा मला हा एक फायदा झाला, घरातल्या भांडणात ती माझ्या बाजूने बोलायची.

पण तीच ओळ एका रात्री माझ्याविरुद्ध उभी राहिली.

शिजवलेला भात तासन्तास कोमट ठेवणं बरं नाही, पोटं बिघडतात, हे आपल्याला माहीत असतं. म्हणून मी एका वेळी पाचच डब्यांची खिचडी लावायची, गरम भांड्यात तासाभराहून जास्त ठेवायची नाही. हे चांगलं होतं. पण त्याचा अर्थ असा की शेवटचा कुकर लावायचा की नाही, हे पाऊणच्या सुमाराला ठरवावं लागतं. ऑर्डर नसेल तर पाच डबे वाया. जानेवारीतली रात्र होती, पाऊस पडून गेलेला, साडेबारापासून फोन वाजलाच नाही. एक वाजला. हे म्हणाले, झोप आता, कोणी येत नाही. मी कुकर घासून पालथा घातला, ओटा पुसला. ॲप मात्र बंद करायला विसरलो.

एक वाजून चौदा मिनिटांनी ऑर्डर आली. एक खिचडी. ह्यांनी ती नाकारली, कारण सांगितलं, सामान संपलं. आम्ही दिवा घालवला.

दोन मिनिटांनी माझ्या नंबरवर संदेश आला. नंबर स्टिकरवर असतो. आधी दोनदा मागवलेलं पोरगं असणार. लिहिलं होतं, "काकू, आपने लिखा था ना डेढ़ बजे तक।" नुसतं इतकंच. पुढे ना शिवी, ना तक्रार. शिवी असती तर मी फोन पालथा ठेवून झोपले असते.

मी दिवा लावला. फोन केला. मुलगा म्हणाला, कोई बात नहीं काकू, बिस्कुट है. आवाजावरून ताप होता. विचारलं तर हो म्हणाला, दुपारपासून काही खाल्लं नव्हतं, गोळी घ्यायची होती आणि रिकाम्या पोटी नको म्हणून जेवणाची वाट बघत होता. सकाळी पेपर होता. हॉस्टेल आमच्यापासून चार गल्ल्या. मी घासलेला कुकर पुन्हा चढवला. डाळ-तांदूळ भिजवायला वेळ नव्हता, म्हणून दोन शिट्ट्या जास्त घेतल्या. हे स्वेटर चढवून, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत, स्कूटरवर घेऊन गेले. पोचेपर्यंत दोनला दहा कमी. चौकीदाराने आधी फाटक उघडलं नाही, मग ह्यांनी हाक मारली, "काकू खिचडी!" तेव्हा उघडलं. पैसे आम्ही घेतले नाहीत. त्याने नंतर ॲपवर काही लिहिलंही नाही. मात्र परीक्षा झाल्यावर स्वतः आला, डबा धुऊन परत द्यायला. प्लास्टिकचा, फेकायचा डबा. मी ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी घरात बैठक बसली. दोनच रस्ते होते. ओळीतला दीड काढून एक करायचा, किंवा दीड खरा करायचा. हे एक म्हणत होते आणि त्यांचं चुकत नव्हतं. एक ते दीडमध्ये कमाई अशी नाहीच, कधी दोन ऑर्डर, कधी एकही नाही. पण मला तो मुलगा आठवत होता. एकला झोपणारा माणूस बाराला जेवून घेतो. दीडला मागवणाऱ्याकडे दुसरं काही उरलेलं नसतं म्हणूनच तो मागवतो. मी म्हटलं, दीडच ठेवू, पण कुकरचं वचन पण त्यात धरू. पाऊणला शेवटचा कुकर लागणारच, ऑर्डर असो वा नसो, पण पाच डब्यांचा नाही, दोनाचा. २४० ग्रॅम जिन्नस, दोन्ही वाया गेले तर पन्नास-साठ रुपयांचा फटका. महिन्यात दहा रात्री गेले असं धरलं तरी पाच-सहाशे. तेवढं मी फुलपुड्यावर आणि केबलवर वाचवीन.

ओळीतली आणखी एक ढिलाई त्या रात्रीने दाखवली. दीड वाजेपर्यंत म्हणजे दीडपर्यंत मागवता येईल, की दीडपर्यंत दारात येईल? मुलं दोन्ही अर्थ घ्यायची. पाऊण वाजता मागवून दीडला "कहाँ है" विचारणारे होते, आणि एक अठ्ठावीसला मागवणारेही. म्हणून स्टिकर पुन्हा छापले. जुने हजार पडून होते, ते मी घरातल्या बरण्यांना लावले, अजून जिऱ्याच्या आणि हळदीच्या बरणीवर "डेढ़ बजे तक" आहे. नवी ओळ अशी झाली: "रात डेढ़ बजे तक ऑर्डर लेते हैं। एक डब्बे में पेट भर।" भाच्याला ती लांब वाटते. लांब आहेच. पण आता त्यात असा शब्द नाही ज्याला मला रात्री फोनवर समजावत बसावं लागतं.

सासूबाई मागच्या पावसाळ्यात गेल्या. शेवटी शेवटी त्या रात्री जाग्याच असायच्या आणि दिवाणावरून विचारायच्या, "लावला का गं पाऊणचा?" मी लावला म्हटलं की मगच कूस बदलायच्या.

पाऊणचे दोन डबे उरले तर एक चौतीसला हे खाली जातात. गल्लीच्या तोंडाशी एटीएमचा रखवालदार बसतो, आणि पुढच्या हॉस्टेलचा चौकीदार, तोच, ज्याने पहिल्यांदा "की" लावली. ज्या रात्री ऑर्डर येतात त्या रात्री त्या दोघांना काही मिळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी चौकीदार ह्यांना हसत विचारतो, "भिया, कल धंधा अच्छा था क्या?"